तिसऱ्या ओळीची बटणं

आमच्या समोरच्या घरातल्या दादांना सगळा मोहल्ला भोंगा म्हणायचा, आणि त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट कौतुकच होतं. बस स्थानकावर उद्घोषक म्हणून त्यांनी उभी हयात काढली. सकाळी त्यांचा आवाज माइकवर घुमला की शेजारच्या गल्लीतली माणसं घड्याळं लावून घेत. कुठली गाडी, कुठल्या फलाटावर, किती उशिरा, एवढंच ते सांगत, पण असं सांगत की उशीर झालेल्या माणसालाही दिलासा वाटावा. घरी आल्यावरही भोंगा चालूच. जिन्यात पाय ठेवला की "कोण आहे का घरात, का सगळे सुटले?" अशी आरोळी वर यायची आणि मागोमाग दादा.

वहिनी बरोबर उलट्या. रक्त तपासणीच्या लॅबमध्ये त्या रक्त काढायचं काम करतात. अंगाने बारीक, उंचीचं तर विचारूच नका. "पेशंट खुर्चीत बसतो म्हणून माझी नोकरी टिकली," त्या म्हणतात, "उभा राहिला असता तर मला स्टूल घ्यावं लागलं असतं." दादा बोलायचे आणि त्या हातातलं काम करत हुंकार भरायच्या. मी एकदा गमतीने विचारलं, "वहिनी, तुम्हाला मध्ये बोलायला जागा मिळते का हो?" तर म्हणाल्या, "मिळते ना. हे श्वास घेतात तेव्हा."

त्या घरावर एका सकाळी अचानक शांतता पसरली. दादांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. दवाखान्यातून ते जिवंत परत आले, याचंच आम्हाला इतकं अप्रूप वाटलं की बाकीचं लक्षात यायला वेळ लागला. उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत चालावं लागत होतं, आणि बोलणं गेलं होतं.

गेलं म्हणजे पुरतं गेलं नव्हतं. समजत त्यांना सगळं होतं. टोमणासुद्धा समजायचा. पण "पाणी" म्हणायला तोंड उघडावं आणि शब्दच सापडू नये, असं व्हायचं. जे सापडायचे ते सुटे शब्द. त्यांना जोडणारे "ला", "ने", "म्हणून", "तर" हे सगळे कुठेतरी गळून पडलेले. आणि वर एक चेष्टा देवाने केली होती. इतक्या वर्षांचं पाठ झालेलं वाक्य मात्र अखंड, घोटीव बाहेर पडायचं. दादांना मीठ हवं असायचं, ते डोळे मिटून जोर लावायचे, आणि तोंडातून निघायचं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

पहिल्यांदा आम्ही हसलो. मग दादांचा चेहरा बघितला.

बोलणं शिकवणारी थेरपिस्ट मुलगी फार चांगली होती. तिने समजावलं की पाठ असलेलं वाक्य, गाणं, अंक, शिवी हे मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, म्हणून ते सुटतात. नवीन वाक्य जुळवायचं ते दुखावलेल्या वाटेने यावं लागतं. डाव्या हाताने ताल धरला तर काही जणांना त्या वाटेवर थोडा आधार मिळतो. "पण सगळ्यात मोठं औषध म्हणजे थांबणं," ती वहिनींना म्हणाली. "ते शब्द शोधत असताना तुम्ही देऊ नका. वाट बघा."

आता हे वहिनींना सांगणं म्हणजे पाण्याला वर वाहायला सांगणं. दादांनी "च" म्हणायचा अवकाश, वहिनींच्या तोंडून चहा, चष्मा, चादर, चप्पल असा सगळा बाजार मांडला जायचा, आणि दादा यातल्या कशालाही मान हलवून मोकळे व्हायचे. आयुष्यभर जिला मध्ये बोलायला जागा मिळाली नाही तिला आता जागाच जागा होती, आणि ती बिचारी मायेने ती भरून काढत होती. दिवसेंदिवस दादा कमी बोलायला लागले. बोलायची गरजच पडत नव्हती.

दुपारी वहिनी लॅबमध्ये असायच्या तेव्हा मी दादांपाशी बसायचे. चावी माझ्याकडे असते. घरचं आवरलं की माझं शिवणटिपण घेऊन तिकडे जायचं, दोन कप चहा करायचा, त्यांना पेपर वाचून दाखवायचा. एकदा मी बटणांचा डबा घेऊन बसले होते. आमच्या ह्यांच्या शर्टाची बटणं काय, झाडाची पानं गळावीत तशी गळतात. डबा टेबलावर पालथा केला आणि दादा डाव्या हाताच्या बोटाने एकेक बटण ओढून रांगेत लावायला लागले. टक, टक, टक. ओठ हलत होते. फलाट मोजत असावेत.

तेव्हा मला कॉलेजातल्या मराठीच्या बाई आठवल्या. त्यांनी आम्हाला तीन ओळींची कविता लिहायला लावली होती, हायकू. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. जोडाक्षर आलं तरी ते एकच अक्षर धरायचं. आम्ही सगळ्या मुली चंद्र, विरह आणि अश्रू घेऊन गेलो होतो. बाईंनी एकेकीची कविता वाचली आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटलं ते सांगू नका गं. काय दिसलं ते सांगा. वाटायचं काम माझ्यावर सोडा." मग सगळ्यांच्या कवितांमधून त्यांनी "जणू", "जशी", "आणि", "म्हणून" असे शब्द खोडून टाकले. उरलं ते थोडंच होतं, पण ते उभं होतं.

मी दादांकडे बघत राहिले. जे शब्द बाई खोडायला सांगायच्या, नेमके तेच दादांकडे नव्हते. जे ठेवायला सांगायच्या ते होते.

"दादा," मी म्हटलं, "एक खेळ खेळायचा?"

त्यांनी भुवई उडवली. म्हणजे बोला.

मी पाच बटणांची एक ओळ लावली, खाली सात, खाली पुन्हा पाच. "एका अक्षराला एक बटण. बटण पुढे सरकवायचं आणि अक्षर म्हणायचं. समोर जे दिसतंय तेवढंच. पहिली ओळ माझी." आणि बटणं सरकवत म्हटलं, "टे-ब-ला-व-र."

दादा हसले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी कपाकडे बोट केलं. "कप. दोन. च... चहा."

"दोन कप चहाचे," मी बटणांवर बसवून दाखवलं. त्यांनी माझ्या मागून म्हटलं, बटण सरकवत, अडखळत, पण म्हटलं. "आता तिसरी तुमची. पाच बटणं आहेत. पहिल्या दोन ओळींत नसलेलं काहीतरी दिसलं पाहिजे. नाहीतर ते सामानाची यादी होईल."

बराच वेळ गेला. मी जीभ दातांखाली धरून बसले. त्यांनी त्यांच्या कपात डोकावलं, माझ्या कपात डोकावलं. माझा चहा बोलण्याच्या नादात तसाच गार झाला होता.

"ए... क," टक, टक. "रि-का-मा."

टेबलावर
दोन कप चहाचे
एक रिकामा

मी टाळी वाजवली. त्यांनी रिकाम्या कपाकडे आणि मग माझ्या भरल्या कपाकडे बोट दाखवून हाताने पोपटाची चोच उघडझाप केली. म्हणजे बाई, तुम्ही फार बोलता. बोलणं गेलं होतं, भोंगा जागच्या जागी होता.

त्यानंतर आमचा रोजचा खेळच झाला तो. सगळ्या कविता काही चांगल्या व्हायच्या नाहीत. पुष्कळदा सुटे शब्द बटणांवर बसायचेच नाहीत आणि दादा चिडून सगळी बटणं एका हाताने विस्कटून टाकायचे. मी पुन्हा लावायचे. पण तीन ओळी एवढ्याशा, की अपयश आलं तरी ते लहान असायचं, आणि बटणं पुन्हा लावायला वेळ लागायचा नाही. या खेळाबद्दल वहिनींना काही सांगायचं नाही, असं त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला बजावलं होतं.

पावसाळा तोवर चांगला मुरला होता, आणि त्यातूनच खरी अडचण उभी राहिली.

दादांना दर पंधरा दिवसांनी थेरपीला जायचं असे. बसथांबा गल्लीच्या तोंडाशीच, पण तिथपर्यंत चालणं भाग. डाव्या हातात काठी, उजवा हात निकामी, म्हणजे छत्री वहिनींनीच धरायची. इतकी वर्षं ती दादांच्या हातात असायची आणि वहिनी त्यांच्या कोपराखाली पाखरासारख्या चालायच्या. आता त्या हात वर करून, टाचा उंचावून छत्री धरायच्या आणि दादा तिच्यात मावायचे नाहीत. एकदा थांब्यावर छत्रीची काडी दादांच्या चष्म्यात अडकली आणि चष्मा चिखलात पडला. वहिनी चष्मा उचलायला वाकल्या तर छत्री दादांच्या डोक्यावरच बसली, टोपीसारखी. रांगेतली दोन पोरं फिस्कन हसली. वाईट मनाने नसेल, पण हसली.

दादा तिथूनच परत फिरले. पाऊस असला की घराबाहेर पडायचं नाही, हे त्या दिवशी ठरलं. पुढची थेरपी चुकली. त्याच्या पुढचीही चुकली. केंद्रातून फोन आला, आणखी एक खाडा झाला तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, वाट बघणारे खूप आहेत.

वहिनी माझ्याकडे येऊन स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांचा रडण्याचा स्वभाव नाही. "मला वाटतं ते माझ्यावर रागावलेत," म्हणाल्या. "मी हात लावला की अंग चोरतात. रेनकोट आणला, तो घालत नाहीत. रिक्षा सांगते म्हटलं तर मान हलवतात. ह्यांना बरंच व्हायचं नसेल तर मी काय करू, तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बटणं लावली आणि म्हटलं, "दादा, आज छत्रीवर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता डबाच अंगावर येतो. मग बोट पुढे आलं. शब्द त्या दिवशी भराभर आले. राग असला की येतात. "काडी. चष्मा. हसले." मी जोडून दिलं, त्यांनी सरकवलं:

छत्रीची काडी
चष्मा पडला खाली
लोक हसले

अक्षरं अगदी बरोबर बसली होती. दादांनी टेबलावर मूठ आपटली. झालं, असं त्यांना म्हणायचं होतं.

"बसलं," मी म्हटलं. "पण दादा, यात छत्री आहे, चष्मा आहे, लोक आहेत. वहिनी कुठायत?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही. चहासुद्धा प्यायला नाही त्यांनी. मला वाटलं, आपण उगाच नको तिथे बोट घातलं.

पण दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर बटणं लावून तयार. मी टेकायच्या आत दादा म्हणाले, "बुटकी." आणि स्वतःच खुदकन हसले. मग डावा हात होता नव्हता तेवढा वर ताणला, पाऊल उचललं, टाच दाखवली. टाचा. वहिनींच्या टाचा त्यांनी बघितल्या होत्या. चष्मा पडायच्या आधी बघितल्या होत्या, आणि इतके दिवस त्या रागाखाली दबून राहिल्या होत्या.

छत्री धरते
टाचा उंचावून ती

इथवर आम्ही दोघांनी मिळून आणलं. तिसऱ्या ओळीला ते अडले. "मी," म्हणाले आणि पाठ सरळ केली, खांदे ताणले. "ता... ठ."

"मी मात्र ताठ," मी "मात्र" घालून पाच बटणं पुरी केली.

ते हळू आवाजात त्यांनी परत म्हटलं आणि बटणांवरून हात काढून घेतला. ही ओळ मी सुचवली असती तर ती टोचणी ठरली असती. त्यांची त्यांनी म्हटली, म्हणून ती नुसती दिसत होती. टाचा उंचावलेली बाई आणि तिच्या शेजारी एक ताठ माणूस. कॉलेजातल्या बाईंनी सांगितलेलं मला इतक्या वर्षांनी कळलं. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि मधलं काही बोलायचं नाही.

मग दादांनी मान हलवली. "नाही. ताठ... नाही." तिसरी ओळ त्यांनी हाताने पुसून टाकली. मग पहिली ओळही. "ती" या अक्षराच्या बटणावर बोट ठेवून वहिनींच्या रिकाम्या खुर्चीकडे दाखवलं. "ती नाही. तू."

कविता वहिनींबद्दल नव्हती तर. वहिनींना सांगायची होती.

मग तो सगळा आठवडा त्या कवितेचाच झाला. पहिली ओळ त्यांची त्यांनीच लावली: छत्री तू धर. इतकी वर्षं छत्री ज्यांनी कधी हातातून सोडली नाही, त्यांनी ती या पाच बटणांत देऊन टाकली. दुसऱ्या ओळीसाठी त्यांनी नुसती मान खाली घातली आणि गुडघा किंचित मोडला, तेव्हा मला शब्द शोधायला वेळच लागला नाही, पण मी दिला नाही. थांबले. भांडी घासली, पुसली, फडकं वाळत घातलं. आतून हाक आली, "वा... क... लेला." मी धावत गेले. "मी थोडा वाकलेला." सात. "थोडा" हा शब्द त्यांनी आवर्जून घातला होता, अंगठा आणि बोट यांत चिमूटभर अंतर ठेवून. म्हणजे फार नाही हं.

तिसरी ओळ मात्र येईना. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "'माया दाटली' कसं वाटतं? पाच भरतात."

दादांनी असं तोंड केलं जसं औषध कडू लागावं. आणि मग, अगदी स्पष्ट, "दि-सत नाही." खरंच होतं. छत्रीखाली माया दिसत नाही. गाडी फलाटाला लागलेली दिसते, तेवढंच सांगायचं असतं. पाच बटणं तशीच रिकामी राहिली.

त्याच रात्री जेवताना त्यांनी घाई केली. दोनच ओळी तयार होत्या, पण त्यांना राहवलं नसावं. हे मला वहिनींनीच सकाळी जिन्यात सांगितलं, कौतुकाने. "काल चक्क छत्री म्हणाले हो! मी लगेच उठून छत्री आणून दिली. परत म्हणाले, छत्री तू. म्हटलं माझी ना, ती कपाटात आहे, तीही आणली. दोन्ही समोर ठेवल्या तर रागाने ताट सरकवून उठले. काय हवं होतं कोण जाणे. तिसरी छत्री कुठून आणू?"

मी भिंतीकडे तोंड करून हसले आणि मग त्यांचा हात धरला. "वहिनी, एक ऐका. ते टकटक करायला लागले ना, बोटाने, चमच्याने, कशानेही, तर टकटक थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मनात काहीही येवो."

"का?"

"रक्त काढताना सुई शिरेत असली की तुम्ही हलता का?"

"नाही."

"तसंच समजा."

थेरपीचा दिवस उजाडला तो धो धो पाऊस घेऊनच. आज चुकली तर जागा गेली. वहिनींनी लॅबमधून सकाळची सुट्टी घेतली होती. मी थेरपीची पिशवी घेऊन खाली फाटकाशी उभी होते, कारण दादांना जिना उतरताना वहिनींचे दोन्ही हात लागतात. ते उतरले खरे, पण फाटकाच्या छपराखाली येऊन थांबले. पुढे पाणी नुसतं कोसळत होतं. वहिनींनी छत्री उघडली, हात वर केला, टाचा उंचावल्या. दादा हलले नाहीत.

"चला ना हो," वहिनी म्हणाल्या. "बस जाईल. पुढची बस लवकर नाही. अहो, आज नाही गेलो तर..." त्यांचा आवाज फाटला. छत्री तशीच वर धरलेली होती.

दादांनी तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. कपाळाची शीर फुगली. आणि मग त्यांचा जुना, गोळीबंद, स्थानकभर घुमणारा आवाज त्या पावसाला कापत गेला:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

वहिनी दचकल्या. मग त्यांना हसू फुटलं, डोळे भरलेले असतानाच. बोलायला उघडलेलं तोंड हसण्यात गुंतलं. तेवढ्यात काठी वाजली. फरशीवर, टक.

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी खालचा ओठ दातांत धरला.

"छ-त्री-तू-ध-र." पाच टकटक. मध्ये एक खोल श्वास. "मी... थो-डा... वा-क-ले-ला." सहाव्या टकटकीला काठी निसरड्या फरशीवर जराशी घसरली, त्यांनी सावरली, आणि शेवटचं अक्षर पूर्ण केलं. सात.

आणि तिथे ते थांबले. तिसरी ओळ नव्हतीच त्यांच्याकडे. मला माहीत होतं. पाऊस पडत होता, गल्लीच्या तोंडाशी बसचा दिवा दिसायला लागला होता. वहिनींच्या गळ्यात शब्द येऊन अडकलेला मला दिसत होता. काय शब्द असेल तो, देव जाणे, कदाचित "समजलं" असेल. पण त्या गप्प राहिल्या. दादांच्या आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांनी जागा रिकामी ठेवली.

दादांनी मान खाली घातली. गुडघा मोडला, थोडासा, चिमूटभर. छत्रीखाली आले. काडी त्यांच्या केसांवरून सरकून पलीकडे गेली आणि चष्मा जागच्या जागी राहिला. त्यांनी वर बघितलं, काळ्या कापडाकडे, मग शेजारी वहिनींकडे. काठी वाजली.

"दो-घे," आणि मग सावकाश, एकेक अक्षर फलाटाला लावल्यासारखं, "को-र-डे."

वहिनींच्या टाचा जमिनीला टेकल्या. आता उंचावायची गरज नव्हती.

"कोरडे कुठले!" त्या म्हणाल्या. इतका वेळ कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "ही पाठ बघा, निम्मी भिजलीय तुमची! खोटं बोलता आणि तेही पावसात उभं राहून?"

दादांनी काठी आपटली. "क... कविता!"

मग दोघं चालायला लागले. त्यांचा पाय ओढत, यांची पावलं आखूड, छत्री बुटक्या हातात आणि उंच माणूस तिच्या मापाचा झालेला. बस थांब्यावर उभी होती. तिथली मंडळी बघत होती, पण दादांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. वाकून चालायचं तर खाली बघावं लागतं, आणि खाली वहिनींची पावलं होती. माझ्या हातात पिशवी तशीच राहिली होती. मी ओरडत मागे धावले, नखशिखांत भिजले, आणि चालकाने थांबवून ठेवलेल्या बसच्या दारातून ती आत सरकवली.

जागा टिकली. ते आता पूर्वीसारखे बोलतात असं मुळीच नाही. बोलणार नाहीत, असं थेरपिस्ट मुलगीही सांगते. वाक्यं तुटकीच आहेत. पण दिवसातून दोनचार वेळा तरी स्वतःचं म्हणून काहीतरी बोलतात, आणि वहिनी आता वाट बघतात. अगदीच राहवेनासं झालं तर पदार्थाची चव बघत असल्यासारखा चमचा तोंडात धरून ठेवतात.

परवा वहिनी माझा बटणांचा डबा परत करायला आल्या. आतली बटणं कमी वाटली मला. "वरच्या ओळीची पाच तुमच्या ह्यांच्या शर्टाला लावायला ठेवलीत," त्या म्हणाल्या, "आणि खालची, तिसऱ्या ओळीची पाच मी ठेवून घेतली आहेत. रागावू नका." मग जरा थांबून, "तुमचे कसे आभार मानायचे तेच कळत नाही."

"पाच, सात, पाचमध्ये माना," मी म्हटलं.

"मला नाही बाई जमत तसलं." त्या जिन्याकडे वळल्या. पुन्हा मागे फिरल्या. आमच्या दारात उंबऱ्यावर उभ्या राहून बोटांवर अक्षरं मोजायला लागल्या. मी गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं, पण मध्ये बोलले नाही.